मंजूआक्काचा येळ्ळूरला गेलेला मेसेज

वडगावातल्या आमच्या गल्लीत फोनवर बोलायचं तर घराच्या मागच्या दारी जावं लागतं. पुढच्या खोल्यांत माग चालतात. मंजूआक्काच्या घरी साड्यांचे दोन माग आहेत, आणि ते सुरू असले की फोनवरच्या माणसाला वाटतं, बेळगावात पाऊस कोसळतोय. मंजूआक्का ते नाकारत नाही. "व्हय, जोरात हाय," म्हणते आणि कामाचं बोलायला लागते.

तिचं काम कंपन्यांना माणसं शोधून देण्याचं. बंगळूरच्या एका छोट्या संस्थेसाठी ती हे घरूनच करते. वरच्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल आहे. त्यावर लॅपटॉप, पाण्याचा तांब्या आणि वाचून वाचून मऊ पडलेले छापील कागद असतात. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मग जवळच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम केलं. तयार सर्किट बोर्ड तिच्यासमोर यायचे. त्यांना वीज द्यायची, मीटर लावायचा, चाललं तर एका बाजूला ठेवायचं, नाही चाललं तर का नाही ते चिठ्ठीवर लिहायचं. कारखाना दुसऱ्या शहरात गेला तेव्हा ती गेली नाही. लोक म्हणाले, बोर्ड तपासणारी पोरगी आता माणसं तपासणार. ती म्हणाली, "माणसाला वीज द्यावी लागत न्हाय, तेवढंच सोपं."

खरं तर ते सोपं नव्हतं. या धंद्यात बहुतेक जण एकच मजकूर शंभर जणांना पाठवतात. 'आपली माहिती पाहून आनंद झाला, आपल्यासाठी उत्तम संधी आहे.' ज्याला पाठवला तो काय करतो हे पाठवणाऱ्याला माहीत नसतं, आणि ज्याला मिळतो तो पहिली ओळ संपायच्या आत पुसून टाकतो. मंजूआक्काला तसं लिहिता येत नाही. समोरचा माणूस दिवसभर कशाशी झटतो ते कळल्याशिवाय तिचा हात चालत नाही. त्यामुळे तिचे मेसेज कमी जातात आणि उशिरा जातात. तिची वरिष्ठ मनिषा मूळची निपाणीची. ती मंजूआक्काला जीव लावते, पण हिशेब तिलाही द्यावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात मनिषाचा फोन आला तेव्हा मी, त्यांची शेजारीण, त्यांच्या मागच्या दारी पायरीवर बसले होते. मंजूआक्कानं फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात कोथिंबीर होती.

"मंजू, सरळच सांगते. बेळगावातनं तांत्रिक माणसं शोधायचं जे तुझं चाललंय, ते बंद करा म्हणत्यात वरचे. सगळ्यांनी बंगळूरला यायचं आणि मोठ्या भरतीला बसायचं. दिवसाला अमुक इतके फोन."

"मग मी काय करायचं?"

"पुण्याची ती पाण्याच्या मीटरवाली कंपनी हाय की न्हाय? त्यांची जागा किती दिवस झाले भरली न्हाय. तीन जणांनी हात टेकले. ती तू भरलीस तर मला बोलायला तोंड ऱ्हाईल. न्हाय भरली तर सामान बांध."

फोन ठेवल्यावर मंजूआक्कानं कोथिंबिरीची उरलेली काडी न् काडी निवडली. मग म्हणाली, "बंगळूर वाईट न्हाय गं. पण दिवसभर फोनवर 'हॅलो सर, नोकरी बदलायची का' म्हणत बसायचं, म्हंजे मी मीच ऱ्हायची न्हाय."

पुण्याच्या कंपनीनं दिलेली जाहिरात तिनं मला दाखवली. त्यात एका माणसाला येऊ शकतील आणि येऊ शकणार नाहीत अशा सगळ्या गोष्टी होत्या. अमुक भाषा, तमुक भाषा, क्लाउड, कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि सगळ्याचा आठ वर्षांचा अनुभव. "ही जाहिरात कुणी लिहिलीया ठाऊक हाय? ज्याला हे काम करायचं न्हाय त्यानं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मनिषाकडून परवानगी काढली आणि त्या कंपनीत ज्याच्या हाताखाली हा माणूस काम करणार होता, त्या किशनलाच फोन लावला.

किशन आधी थोडा तुटकच बोलला. "सगळं जाहिरातीत आहे ना, मॅडम?"

"जाहिरात वाचली सर. मला एवढंच सांगा, आत्ता तुमचं नेमकं अडलंय काय?"

मग तो बोलायला लागला आणि अर्धा तास थांबला नाही.

कंपनीचे पाण्याचे मीटर जमिनीत, लोखंडी झाकणाखाली बसवलेले असतात. आत एक छोटी बॅटरी असते. तिच्यावर मीटरनं वर्षानुवर्षं चालायचं, म्हणून मीटर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. मधेच डोळे उघडतो, पाणी मोजतो, परत झोपतो. दिवसातून एकदा रेडिओवरून आकडा पाठवतो. कधी मीटरमधला प्रोग्रॅम बदलायचा असला तर तोही रेडिओवरूनच पाठवतात. घोटाळा तिथं होता. नवा प्रोग्रॅम घेताना रेडिओ बराच वेळ चालतो, बॅटरीवर एकदम ओढ पडते, व्होल्टेज खाली येतं आणि चिप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. तोवर आतला जुना प्रोग्रॅम अर्धा पुसलेला आणि नवा अर्धाच लिहिलेला असतो. मीटर मग उठतच नाही. थंडीत हे जास्त होतं. दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवायला चिपमध्ये जागा नाही. आणि मीटर राळ ओतून बंद केलेले, त्यामुळे आत नवा सुटा भाग बसवता येत नाही.

"म्हणजे मला क्लाउडवाला नको आहे," किशन शेवटी म्हणाला. "मला असा माणूस हवा, जो बॅटरी, चिप आणि प्रोग्रॅम या तिघांचं एकमेकांशी काय चाललंय ते ऐकू शकतो. असे लोक फार नाहीत, आणि जे आहेत ते आमच्या मेसेजला उत्तर देत नाहीत."

त्या संध्याकाळी मंजूआक्का खाली मागापाशी बसली होती. तिचे वडील मारुतीराव, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, साडी विणत होते. तिनं त्यांना मीटरचं सगळं सांगितलं. आप्पांनी माग थांबवला, तसा दोरा इकडून तिकडं नेणारा धोटाही थांबला.

"वीज गेल्यावर धोटा मधेच ऱ्हातो, तसंच की हे."

"तसंच, आप्पा."

"मग त्यात काय? चाक हातानं मागं फिरवायचं, अर्धा दोरा वढून काढायचा, मग परत चालू. तसाच चालू केला तर साडीला पट्टी पडती."

"त्यांच्या मीटरला हात न्हाईत न्हवं. मागं फिरवणार कोण?"

आप्पांनी विचार केला. "मग वीज जाणार हाय ते आधीच कळाय पाहिजे," ते म्हणाले आणि परत माग सुरू केला. वरच्या खोलीतला दिवा क्षणभर मंद झाला आणि पुन्हा उजळला. आमच्याकडं माग सुरू होताना सगळ्याच घरांतले दिवे तसे होतात.

मग शोधाचे दिवस गेले. ती नोकरीच्या संकेतस्थळांवर थोडंच शोधायची. असा माणूस तिथं स्वतःबद्दल फार लिहीत नाही, असं तिचं मत. ती इंजिनियर लोक एकमेकांना अडचणी विचारतात त्या जागा वाचत बसायची, जुनी जुनी उत्तरं. तिथंच तिला एक सापडलं. कुणीतरी विचारलं होतं, माझं यंत्र रात्रभर नीट असतं आणि सकाळी पहिला संदेश पाठवताना का मरतं? बऱ्याच जणांनी आपापली मतं दिली होती, कुणी बॅटरी बदला म्हणालं होतं, कुणी प्रोग्रॅम. सगळ्यात खाली, कुणीही शाबासकी न दिलेलं एक उत्तर होतं. बॅटरी खराब नाही, झोपलेली आहे. या जातीच्या बॅटरीत बराच काळ ओढ नसली की आत एक पातळ थर धरतो, त्यामुळं पहिल्या झटक्याला व्होल्टेज पडतं. तिला आधी थोडी थोडी ओढ देऊन जागं करा, मग काम सांगा. आणि व्होल्टेज मोजायचं तर यंत्र निवांत असताना मोजू नका, ओढ असताना मोजा.

खाली नाव होतं शिवराज. नावावरून शोधत गेली तेव्हा कळलं, तो उद्यमबागेतच एका कारखान्यात प्रेशर मोजणारी यंत्रं बनवतो. घर येळ्ळूरला. वडगावातून येळ्ळूर म्हणजे सायकलवर जाण्याइतकं.

मला ती धावत सांगायला आली. "आगं, पुण्यात, हैद्राबादात हुडकत हुते, आणि ह्यो इथं! आपल्या पलीकडं!"

"मग लिही की."

"लिहिते. पण त्याचं काय सांगता येत न्हाय. लई जणांनी लिहिलंया त्याला. एकालाबी उत्तर न्हाय." तिनं चौकशी केली होती. एकानं त्याला वेबसाइट बनवायच्या कामाबद्दल लिहिलं होतं, एकानं त्याचं नावच चुकवलं होतं. "एकदाच लिहायला मिळतंय. पयला मेसेज वाया गेला की दुसरा वाचत न्हाईत."

पण लिहिण्याआधी तिला किशनकडून एका गोष्टीचं उत्तर हवं होतं. येळ्ळूरचा माणूस पुण्याला जाईल का, हे ती त्याला विचारणारच नव्हती. हे काम येळ्ळूरहून होईल का, हे ती कंपनीला विचारत होती. किशन वरच्यांशी बोलतो म्हणाला, आणि त्यात आठवडा गेला.

त्या आठवड्यातच घोळ झाला.

रोज सकाळी येळ्ळूरहून मष्णू वडगावात दूध घालायला येतो. दुधाबरोबर तो बातम्याही आणतो, आणि दोन्ही गावांमधली लग्नं जुळवण्यातही त्याचा हात असतो. आपल्या लेकीचं बंगळूरला जाणं एका माणसावर अडलंय आणि तो माणूस येळ्ळूरचा आहे, हे आप्पांनी जेवताना ऐकलं होतं. बाकीचं त्यांच्या दृष्टीनं सोपं होतं. आमच्याकडं कुठलंही काम अनोळखी माणसाकडं सरळ नेत नाहीत, मधे कुणीतरी ओळखीचा घालतात. आप्पांनी दूध घेता घेता मष्णूला विचारलं, "येळ्ळूरचा शिवराज कसा हाय रं? काम काय करतो, पगार काय, पुण्याला जाईल काय, जरा बघ की."

मष्णूनं बघितलं. तो थेट शिवराजच्या घरी गेला आणि त्याच्या आईला, मालुबाईला, हेच सगळं विचारलं. पोरगा काय करतो, पगार किती, बाहेरगावी राहील का, स्वभाव कसा. कोण विचारतंय म्हटल्यावर मष्णू म्हणाला, "वडगावची माणसं हाईत. चांगली हाईत."

येळ्ळूरमधल्या कुठल्याही आईनं यातून दुसरं काय समजायचं?

मालुबाईंनी त्याला चहा पाजला, वर लाडू दिला. आणि दुसऱ्या दिवशी मष्णू दुधाच्या कॅनसोबत एक पाकीट घेऊन आला. त्यात शिवराजचा फोटो होता आणि जन्मवेळ लिहिलेला कागद. "मुलीचा फोटो कधी देताय, इचारलंय त्येनी," मष्णू म्हणाला.

मी तेव्हा दुधाचं भांडं घेऊन दारातच होते. नागुबाई, म्हणजे मंजूआक्काची आई, तोंडाला पदर लावून आत पळाली. ती हसत होती की रडत होती ते मला आधी कळलं नाही. आप्पा पाकीट हातात धरून उभे राहिले, जणू त्यातनं काही सांडेल. आणि मंजूआक्का जिन्यावरून खाली आली.

"आप्पा, काय केलासा हे?"

"मी काय केलो? पगार इचारला. तू पण तेच इचारणार हुतीस न्हवं?"

"मी पगार इचारणार नव्हते!"

"मग काय इचारणार हुतीस?"

तिला हसू आवरेना आणि रागही आवरेना. जिन्याच्या पायरीवर बसून तिनं डोकं धरलं. मष्णू म्हणाला, "मंजू, पोरगा बरा हाय गं. फोटो तरी बघ."

"मष्णूमामा, तुमी आधी ते दूध ओता."

दूध घालून झाल्यावर मष्णूबरोबरच पाकीट परत गेलं, सोबत निरोप, की गैरसमज झाला, माफ करा. पण आता शिवराजला कळलं असणारच की वडगावातलं कुणीतरी त्याच्या आईकडं जाऊन पगार विचारून आलं. ज्याला एकदाच लिहायला मिळतं, त्याच्या दारात पहिलं पाऊल असं पडलं होतं.

संध्याकाळी किशनचा फोन आला. सुरुवातीचे काही आठवडे पुण्याला यावं लागेल, मग मीटर, बॅटऱ्या आणि मोजायची यंत्रं त्याच्या घरी पाठवू. थंडीची चाचणी करायची तेवढी पुण्याच्या प्रयोगशाळेत. वरचे हो म्हणाले होते. मंजूआक्कानं फोन ठेवला आणि मला हाक मारली. मी कॉलेजात मराठी साहित्य शिकते, त्यावरून ती मला चिडवते. "ये गं साहित्यवाली. बघ नीट हाय काय ते."

तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, कारण त्याची उत्तरं इंग्रजीत होती. मी सुचवलं की सुरुवातीला लिही, तुमचं उत्तर वाचून मी भारावून गेले. तिनं माझ्याकडं बघितलं.

"भारावून कशाला जाऊ? मला ते समजलं, एवढंच झालं."

मी आणखी एक-दोन सुंदर शब्द सुचवले. तिनं ते ऐकून घेतले आणि एकही घातला नाही. शेवटी जो मेसेज गेला तो मराठीत सांगायचा तर असा होता:

'नमस्कार. झोपलेल्या बॅटरीला आधी थोड्या ओढीनं जागं करावं, हे तुमचं जुनं उत्तर मी वाचलं. ज्या कंपनीसाठी मी लिहिते आहे, तिच्या पाण्याच्या मीटरमध्ये हीच अडचण आहे, पण जास्त वाईट जागी. प्रोग्रॅम रेडिओनं बदलत असताना व्होल्टेज पडतं आणि मीटर अर्धवट लिहिलेला राहतो. थंडीत बॅटरी लवकर संपत असल्यानं तेव्हा जास्त होतं. दोन प्रोग्रॅम ठेवायला जागा नाही. बसवलेले मीटर राळेत बंद आहेत, त्यांचं सर्किट बदलता येणार नाही. नव्या मीटरचं सर्किट मात्र अजून पक्कं झालेलं नाही, त्यात तुमचं म्हणणं चालेल. जाहिरातीत क्लाउड वगैरे लिहिलंय, ते या कामात नाही. काम येळ्ळूरहून करता येईल, हे मी आधी विचारून घेतलं आहे. मी इंजिनियर नाही, बोर्ड तपासायचे एवढंच. तुम्हाला या कामात रस नसेल तर तसं कळवलं तरी चालेल.'

शेवटच्या दोन ओळी तिनं मराठीत लिहिल्या: 'काल तुमच्या घरी जी चौकशी आली ती माझ्या वडिलांकडून होती. ते स्थळ नव्हतं, ही नोकरी होती. त्रासाबद्दल माफी.'

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं.

"त्याला कळणारच हाय. मग माझ्याकडनं कळू दे."

मेसेज गेला. नंतरचा दिवस तिनं लॅपटॉप उघडला नाही. नागुबाईबरोबर बॉबिन भरत बसली. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तिनं मला वर बोलावलं तेव्हा ती खुर्चीवर बसली नव्हती, उभ्यानंच वाचत होती. उत्तरात नमस्कार नव्हता, एकच प्रश्न होता. बसवलेल्या मीटरमधला बूटलोडर रेडिओनं बदलता येतो का, की तो कुलूपबंद आहे?

"बूटलोडर म्हणजे?" मी विचारलं.

"चिप जागी झाली की सगळ्यात आधी चालतो तो बारका प्रोग्रॅम. तो मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो." ती ओठ चावत होती. "ह्येचं उत्तर मला ठाऊक न्हाय. मी किशनला हे इचारलंच न्हाय."

तिला वाटलं असतं तर काहीतरी लिहिता आलं असतं. तिनं लिहिलं, 'मला माहीत नाही. चांगला प्रश्न आहे, मला सुचायला हवा होता. विचारून सांगते.' आणि किशनला फोन लावला. किशन म्हणाला, कुलूपबंद आहे, कारखान्यातच तसं केलंय. मग त्यानंच विचारलं, "हा प्रश्न कुणी विचारला?"

तिनं उत्तर येळ्ळूरला पाठवलं. या वेळी वाट बघावी लागली नाही.

'मग अवघड आहे. जे करायचं ते अपडेट सुरू व्हायच्या आधीच करावं लागणार. आधी बॅटरी जागी करायची, ओढ देऊन व्होल्टेज बघायचं, आणि ते पुरेसं नसेल तर त्या दिवशी अपडेट घ्यायचंच नाही, असं मीटरनंच ठरवायचं. बोलूया.' आणि खाली, मराठीत: 'थंडीत बॅटरी लवकर संपत नाही. थंडीत तिला एकदम जोर लावता येत नाही. मेसेजमध्ये तेवढं चुकलंय. पण चूक बरोबर जागी आहे, अडचण थंडीतच वाढते. आई विचारते आहे, लाडवाचं काय.'

मंजूआक्का ते दोनदा वाचून मोठ्यानं हसली, इतकी की आप्पांनी खालून माग थांबवून विचारलं, "काय झालं गं?"

"आप्पा, तुमचंच म्हणणं हाय! वीज जाणार हाय ते आधी कळाय पाहिजे म्हंतोय!"

"मग मी काय म्हणालतो?" आप्पा म्हणाले, आणि माग परत सुरू झाला.

किशन आणि शिवराज यांचं बोलणं ठरलं त्या दिवशी मंजूआक्का ओळख करून द्यायला थांबली आणि मग आपला आवाज बंद करून ऐकत राहिली. मी शेजारी बसले होते. मला फारसं कळत नव्हतं. एक बोलायचा, दुसरा म्हणायचा, "थांबा, पण मग..." आणि दोघं हसायचे. एकदा शिवराजनं एक आकडा विचारला आणि किशन म्हणाला, "हे आम्ही कधी मोजलंच नाही." मंजूआक्कानं माझा हात दाबला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी आप्पांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, नवी साडी मागावरून उतरवून ते उजेडात धरतात तेव्हा.

त्यानंतरचं थोडक्यात. शिवराज पुण्याला जाऊन आला. काम घेतलं. उद्यमबागेतल्या कारखान्यानं त्याला थांबवायचा प्रयत्न केला, पण मुदत पुरी करून सोडलंही नीटपणे. मष्णू सांगतो की येळ्ळूरात त्याच्या घरी आता एका खोलीत मीटरच मीटर आहेत आणि मालुबाई त्यांना पाहुणे म्हणतात. ते मला खरं वाटतं.

मनिषाचा फोन आला तो एका रविवारी.

"किशनसाहेब म्हणाले, तुमच्या त्या मुलीनं जाहिरात बाजूला ठेवून आम्हालाच प्रश्न विचारला. वरच्यांना मी तेवढंच ऐकवलं. तुझं काम बेळगावातच ऱ्हाणार. दोन जागा आणखी हाईत त्यांच्याच. घाई न्हाय."

"घाई न्हाय?" मंजूआक्का म्हणाली. "तुमी आजारी हाय काय?"

"गप. कामाला लाग."

तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. नागुबाई पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती.

"म्हंजे जायचं न्हाय?"

"न्हाय."

"खरं?"

"खरं गं आई."

नागुबाईनं हात धुतले, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि माळ्यावरून कापडात बांधलेली एक वस्तू खाली घेतली. नवाकोरा प्रेशर कुकर होता, एका माणसापुरता. मनिषाचा पहिला फोन झाला त्याच आठवड्यात तिनं तो खडेबाजारातनं आणून लपवून ठेवला होता. बंगळूरला एकटी पोरगी काय खाईल, म्हणून.

"आणि मला सांगितली न्हाईस?"

"सांगून काय, रडत बसलो असतो दोघी."

संध्याकाळी आम्ही तिघी खडेबाजारात गेलो. दुकानदारानं कुकर उलटसुलट करून पाहिला. पैसे परत देणार नाही म्हणाला, मग नागुबाईनं कन्नडमध्ये त्याच्याशी असं काही बोलणं लावलं की तो बदलून द्यायला तयार झाला. त्यानं फळीवरून मोठा कुकर काढला, फडक्यानं पुसला आणि पिशवीत घालता घालता विचारलं, "काय मावशी, घरात माणसं वाढली काय?"

"न्हाय बाबा," नागुबाई म्हणाली, "कमी होता होता ऱ्हायली."